टाकीजवळ, एवढंच

टॅक्सीच्या ऑफिसात वहिनीला वहिनी का म्हणतात, हे तिथल्या कोणालाही धड सांगता आलं नसतं. ती त्यांच्यापैकी कोणाच्याच भावाची बायको नव्हती. पहिल्या दिवशी मालकाने, म्हणजे ज्याला सगळे दादा म्हणतात त्याने, तिला खुर्ची दाखवली आणि म्हणाला, "वहिनी, हे दोन फोन, हा पंखा, आणि ड्रायव्हरांचं फार मनावर घ्यायचं नाही." तेवढ्यावर नाव चिकटलं. खरं नाव विचारायला नंतर कोणाला सवड झाली नाही, आणि तिलाही सांगावंसं वाटलं नाही.

ऑफिस म्हणजे टायरवाला आणि लॉंड्री यांच्यामध्ये कशीबशी बसवलेली एक खोली. भिंतीवर शहराचा नकाशा, त्यावर कोणीतरी कधीतरी सांडलेला चहा, त्यामुळे एक अख्खा भाग तपकिरी. बाहेर बाकावर ड्रायव्हर बसत. आत टेबलावर दोन फोन. येणारा नंबर दाखवणारी छोटीशी खिडकी दोन्हींवर होती. वहिनीने वीस वर्षं घर सांभाळलं होतं, आणि घरातली कुठलीच वस्तू तिला "ही माझी" असं वाटली नव्हती. ही मोडकी खुर्ची मात्र पहिल्या आठवड्यातच तिची झाली. जाऊ म्हणाली होती, "फोन उचलायचे पण पगार देतात?" वहिनी त्यावर नुसती हसली होती, पण रात्रभर ते वाक्य तिच्या डोक्यात भुणभुणत होतं.

पंचाईत अशी होती की खुर्चीचाच काही भरवसा नव्हता. दादाच्या डोक्यात टेबल बंद करून टाकायचं होतं. फोन सरळ ड्रायव्हरांच्या मोबाइलवर जातील, जो मोकळा तो उचलेल, मध्ये माणूस हवाच कशाला, असा त्याचा हिशेब. "महिनाअखेरपर्यंत बघू," एवढं तो बोलला होता. महिनाअखेर आता परवावर आली होती आणि वहिनीच्या नावावर दोन घोळ जमा होते.

पहिला घोळ असा. एका बाईचा फोन आला, "बाजारपेठेत" म्हणाली आणि तुटला. वहिनीने "बाजारपेठेत कुठे?" विचारलेलं बाकावरच्या ड्रायव्हरने बाहेरूनच ऐकलं आणि म्हणाला, या वेळेला बाजारपेठ म्हणजे कापडवाले शेठ, दुसरं कोण असणार. गाडी घेऊन गेलासुद्धा. शेठ त्या दिवशी तापाने आडवे पडले होते. त्यांनी खिडकीतून हात हलवला, गाडी रिकामी परत आली, आणि ज्या बाईला हवी होती ती बिचारी रस्त्यावर उभी राहून कंटाळून निघून गेली. गिऱ्हाईक ओळखण्याचा या ऑफिसला भारी अभिमान. कोण कुठून कधी निघतं हे ड्रायव्हरांना झोपेत विचारलं तरी सांगतील. नेमका तोच अभिमान अंगाशी आला.

म्हणून दुसऱ्या वेळी वहिनीने फोन परत लावला. ते बरोबरच होतं. पण पलीकडे एका म्हाताऱ्या बाईंनी उचलला आणि वहिनीने उत्साहाच्या भरात विचारलं, "स्टेशनला जाणारी गाडी हवी होती ना तुम्हाला?" म्हातारीने विचारलं, "स्टेशनला? कोण चाललंय स्टेशनला?" त्या घरात सून गुपचूप माहेरी निघाली होती. पुढचं वहिनीला फोनवरूनच ऐकू आलं. त्या सुनेची गाडी तर राहिलीच, वर संध्याकाळी तिच्या नवऱ्याने येऊन दादाला चार शब्द सुनावले.

त्या दिवशी दादाने तिला समोर बसवून सांगितलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "हे बघा वहिनी. फोन तुटला की लगेच नंबर फिरवायचा नाही. समोरचापण तेच करत असतो. दोघं एकमेकांना फोन लावत बसतात आणि दोघांनाही बिझी लागतं. रिसीव्हर खाली ठेवायचा, घोटभर पाणी प्यायचं. नाहीच आला, तर मग आपण लावायचा. आणि लावल्यावर आधी आपण कोण ते सांगायचं, मग विचारायचं, तुम्हीच फोन केला होता का. तोच माणूस आहे हे कळेपर्यंत गाडी, स्टेशन, पत्ता, काही काही बोलायचं नाही. फोन दुसऱ्याने उचलला तर नंबर चुकला म्हणायचं आणि ठेवायचा. आणि पत्ता मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही."

"बरं," वहिनी म्हणाली.

"अजून एक गाडी रिकामी आली, तर मला महिनाअखेरची वाट बघायची गरज राहणार नाही," दादा म्हणाला आणि उठला.

हे सगळं डोक्यात ठेवून ती त्या सकाळी बसली होती. सकाळची वेळ म्हणजे ऑफिसात नुसती लगीनघाई. सगळ्या गाड्या बाहेर, एकच मोकळी, चष्मेवाल्या काकांची. काका सगळ्यांत जुने ड्रायव्हर. त्यांच्या चष्म्याची भिंगं एवढी जाड की पहिल्यांदा बसणारं गिऱ्हाईक देवाचं नाव घेतं, पण गाडी अशी चालवतात की पेल्यातलं पाणी हलत नाही. ते दारात उभे राहून किल्ली बोटाभोवती फिरवत होते. कोपऱ्यात दादा टायरवाल्याशी कशावरून तरी हुज्जत घालून नुकताच आत येऊन टेकला होता.

फोन वाजला. वहिनीने उचलला, ऑफिसचं नाव सांगितलं.

पलीकडे पुरुषाचा आवाज. "टाकीजवळ," तो म्हणाला. मग काहीच नाही.

"टाकीजवळ कुठे?" वहिनीने विचारलं. काहीच नाही. "हॅलो? आवाज येत नाहीये तुमचा. हॅलो?"

फोन बंद झाला.

"गेली लाइन," वहिनी म्हणाली.

"टाकी ना?" काका दारातून म्हणाले. "मग दातांचे डॉक्टर. ही त्यांचीच वेळ. निघतो मी."

"काका, थांबा."

"अहो, चार वर्षं नेतोय त्यांना. टाकीचा चढ, हिरवं फाटक, काळी बॅग. आणखी काय पत्ता पाहिजे?"

"त्यांचा आवाज असा नाहीये. आणि त्यांचा नंबर दिसतो, हा वेगळा आहे."

"डॉक्टर माणूस, दोन-दोन मोबाइल असतील."

हे काही अगदीच खोटं नव्हतं, आणि वहिनीचं मन क्षणभर डळमळलं. काका एकदा गेले आणि तिथे डॉक्टर असले, तर सगळेच खूश. नसले, तर संपलंच. तिने दादाकडे पाहिलं नाही. रिसीव्हर नीट जागेवर ठेवला, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि प्यायली. पाणी पिताना आपल्याला तहान नाही हे तिला कळत होतं. काका किल्ली फिरवत राहिले. फोन काही वाजला नाही.

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. एक ओळखीचा दुकानदार, बस स्टँडला जायचं, पत्ता दारापर्यंत पाठ असलेला. एक गाडी, दोन गिऱ्हाइकं, त्यातलं एक धड गिऱ्हाईक तरी आहे की नाही तेही ठाऊक नाही. वहिनीने त्याला सांगितलं, "गाडी आहे की नाही ते दोन मिनिटांत कळवते," आणि फोन ठेवला.

"हातचं सोडून पळत्याच्या मागे," दादा कोपऱ्यातून पुटपुटला. वहिनीने पहिल्या फोनवरचा नंबर फिरवला.

चार-पाच वेळा रिंग झाली. मग उचलला गेला. कोणी बोललं नाही.

"नमस्कार, टॅक्सी ऑफिसातून बोलतेय," वहिनी सावकाश म्हणाली. "आत्ता या नंबरवरून आमच्याकडे फोन आला होता, तुटला. तुम्हीच केला होता का?"

शांतता. पण ही शांतता लाइन गेल्याची नव्हती. लाइन गेली की कानात काहीच राहत नाही. इथे भांड्यात पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज येत होता, आणि कोणीतरी श्वास घेत होतं. घशाशी काहीतरी अडलंय आणि ते बाहेर काढायचंय, असा तो श्वास. वहिनीने तो आवाज ऐकताक्षणी ओळखला. तिच्या मामाचा श्वास असाच यायचा.

मामा तोतरा होता. माणूस मोठा गोड, पण "प" आला की त्याचं गाडं अडायचं. घरातले सगळे त्याचं वाक्य पुरं करायला टपलेले. मामाने "प... प..." म्हटलं की कोणी म्हणे पेढा, कोणी म्हणे पंचा, आजी तर पानाचा डबाच पुढे करी. बिचाऱ्याला पाणी हवं असायचं. तो मान डोलवायचा आणि आयुष्यात कधी न खाल्लेलं पान तोंडात टाकायचा. सगळे हसायचे. वहिनीपण हसायची, लहान होती.

म्हणजे फोन तुटलाच नव्हता. त्याने "टाकीजवळ" म्हटलं, पुढचा शब्द अडला, आणि इकडून आपण हॅलो हॅलो करत त्याच्या मागे लागलो. त्याने लाजून ठेवून दिला. पाणी पिऊन वाट बघत बसलो तरी हा काही परत फोन करणार नव्हता. वहिनीला स्वतःचीच लाज वाटली.

"मला ऐकू येतंय," ती म्हणाली. "काही घाई नाही. बोलायला जड जात असेल तर मी विचारते. हो असेल तर फोनवर बोटाने एकदा टक करा, नाही असेल तर दोनदा. चालेल?"

थोडा वेळ गेला. मग एकदा टक.

"मघाशी तुम्हीच फोन केला होता?"

टक.

"मेसेज करून पत्ता पाठवता येईल का?"

टक, टक. त्याचा फोन साधा असावा, किंवा चष्मा सापडत नसावा, कुणास ठाऊक. वहिनीने पुढे विचारलं, "गाडी आत्ताच हवीय?"

टक.

दारात काका किल्ली फिरवायचे थांबले. वहिनी रिसीव्हर कानाला धरून नकाशाकडे बघत होती. टाकीचा भाग नेमका चहाच्या डागाखाली. "टाकीच्या पुढे, शाळेच्या बाजूला?" टक, टक. "मागे, उताराला?" टक. "मोठा रस्ता सोडून आत?" टक. वहिनीला आता भलताच चेव चढला. एकेक पायरी उतरत आपण दारापर्यंत पोचणार असं तिला वाटायला लागलं. "आणि जायचं कुठे, स्टेशनला?" टक, टक. "बाजारात?" टक, टक. "मग कोर्टात? बँकेत?"

"थां..." पलीकडून आवाज आला. "थां... थांबा."

वहिनी थांबली.

"मी... सांगतो."

तिने तोंड मिटलं. जिभेच्या टोकावर दवाखाना हा शब्द येऊन उभा होता, तो तिने गिळला. पान पुढे करणारी आजी तिच्यात शिरली होती, तिला वेळीच बाहेर काढायला हवं होतं.

मग ती नुसती ऐकत बसली. कानाला रिसीव्हर लावून गप्प बसणं ही केवढी कसोटी असते, ते फोनवर काम करणाऱ्याला विचारा. पलीकडे शब्द यायचा, अर्ध्यावर अडायचा, मागे जायचा, पुन्हा यायचा. दुसरा फोन वाजायला लागला. दुकानदारच असणार. वहिनीने तिकडे बघितलं नाही. फोन वाजून वाजून बंद झाला. दादा उठून टेबलाशी आला आणि काय चाललंय अशी मान उडवली. वहिनीने त्याच्याकडे बघून फक्त हात वर केला, घरात पाहुण्यांसमोर पोरांना दटावतो तसा. दादा एक पाऊल मागे सरकला. त्याला असं कोणी बऱ्याच वर्षांत दटावलं नसावं.

"छा... छापखाना," पलीकडून आलं. "बंद. त्याच्या वर. दु... दुसरा मजला."

"बंद छापखान्याच्या वर, दुसरा मजला," वहिनीने जसंच्या तसं परत म्हटलं. स्वतःचं काही घातलं नाही.

"हो. म... मोठं हॉस्पिटल. बा... बायकोला घरी आणायचंय. आज सोडतायत." यापुढचं वाक्य मात्र एका दमात आलं. "नेहमी तीच फोन करते."

"काका येतायत," ती म्हणाली. "पांढरी गाडी, जाड भिंगांचा चष्मा. भिंगांना घाबरू नका, गाडी छान चालवतात. ते तुम्हाला फोन करणार नाहीत, छापखान्याच्या दारापाशी थांबतील. तुम्ही खाली उतरून या. दहा मिनिटं लागतील. सगळं बरोबर ना?"

"ब... बरोबर."

काका गेले. वहिनीने दुकानदाराला फोन लावला आणि सरळ सांगून टाकलं की पुढची गाडी यायला पंधरा मिनिटं लागतील, थांबत असाल तर नाव धरते. दुकानदार करवादला, पण थांबला. त्याची बस दुपारची होती, हे त्याने नंतर सांगितलं.

दादा टेबलाच्या कडेवर टेकला. "तो तोतरा होता?"

"हो. आणि मी मघाशी त्याच्या अंगावर हॅलो हॅलो करून ओरडले."

"मोबाइलवर गेला असता हा फोन, तर..." दादा बोलता बोलता थांबला आणि वाक्य त्याने पुरं केलं नाही. वहिनीनेही केलं नाही.

तासाभराने काका परतले ते बाकावर न बसता थेट आत आले. "येताना बघून आलो, दातांच्या डॉक्टरांच्या फाटकाला हे एवढं कुलूप," त्यांनी हातानेच माप दाखवलं. "शेजारी म्हणाला, गावाला गेलेत आठवडाभर. मी गेलो असतो तर हॉर्न वाजवत बसलो असतो." एवढं कबूल करायला काकांना बरेच कष्ट पडले असणार. "तुमचा माणूस खालीच उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात बायकोच्या चपला. हॉस्पिटलमधून येताना तिला घालायला. तिथे गाडी उभी करू देत नाहीत, नाहीतर थांबलो असतो. म्हटलं, परतीची आत्ताच सांगून ठेवू का ऑफिसात? तर म्हणाला, नको. केव्हा सोडतील माहीत नाही, मी फोन करीन."

"करीन म्हणाला?"

"करीन म्हणाला. म्हणेपर्यंत पुढचा चौक आला, पण म्हणाला."

त्यानंतर वहिनीचं लक्ष कशातच लागेना. फोन येत होते, गाड्या जात होत्या, तिने सगळ्यांना धड उत्तरं दिली. पण प्रत्येक रिंगला ती आधी खिडकीतला नंबर बघायची. जेवणाची वेळ होऊन गेली. हॉस्पिटलातून सुटायचं म्हणजे या खिडकीवर सही, त्या खिडकीवर शिक्का, वेळ लागणारच, असं तिने स्वतःला समजावलं. आपण लावावा का फोन? लावला असता तर काही बिघडलं नसतं. पण तो करीन म्हणाला होता. आपण लावला तर ते त्याचं वाक्य पुरं केल्यासारखंच झालं असतं. आणि बायको बरोबर असणार, तीच करेल, नेहमीसारखा. तेही ठीकच की, वहिनीने मनाशी म्हटलं, आणि तिला वाईट वाटलं.

ऊन कलल्यावर फोन वाजला. तोच नंबर.

वहिनीने ऑफिसचं नाव सांगितलं आणि गप्प झाली.

पलीकडे गलबला होता, चाकांच्या खुर्च्यांचा, माणसांचा. आणि तो श्वास. "मो..." आवाज आला. "मो..."

मागून एक बाईचा आवाज आला, थकलेला आणि सवयीचा. "आणा इकडे, मी सांगते."

"न... नको," तो म्हणाला. वहिनीला नाही, तिला. "मी बो... बोलतोय."

त्याच वेळी दुसरा फोन वाजला. वहिनी हलली नाही. कोपऱ्यातून दादा आला, त्याने तो फोन उचलला आणि बऱ्याच वर्षांत न बोललेलं ऑफिसचं नाव अडखळत सांगितलं. "टॅक्सी... हो, बोला, बोला. नाही हो, वहिनी दुसऱ्या फोनवर आहेत. तुमचं मी लिहून घेतो. आणि उद्या करा ना, त्या असतात इथे, रोज असतात."

वहिनीने ते ऐकलं. पण तिचा कान पहिल्या फोनलाच होता.

"मोठं हॉस्पिटल," तो म्हणत होता. "माग... मागचं दार. दो... दोघं आहोत. छा... छापखान्याच्या वर. घ... घरी."

मागे ती बाई आता काहीच बोलत नव्हती. शब्दाशब्दाला वेळ लागत होता, आणि त्या सगळ्या वेळात तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी नाकाने एकदा सूं केल्याचा आवाज मात्र आला.

"मोठं हॉस्पिटल, मागचं दार, दोघं, छापखान्याच्या वर, घरी," वहिनी म्हणाली. "काका निघालेच."